मँचेस्टरचं स्थळ आणि दिल्लीचा फोन

लग्नाच्या साइटवर ओळख झालेला माणूस पैसे मागायला लागला की सावध व्हायचं, हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. तरीही आमच्या इंदूरमध्ये शिकलेल्या, स्वतः कमावणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या बायकांचे लाखो रुपये यात जातात. याचं कारण असं की तो माणूस पैसे मागतच नाही. पैसे मागणारा आवाज वेगळाच असतो आणि तो ‘सरकारी’ असतो. तो फोन येईपर्यंत समोरचीची जन्मतारीख, पत्ता, आईचं दुखणं, खात्यात साधारण किती आहे आणि एखाददुसरा खासगी फोटो एवढं सगळं त्यांच्या हातात गेलेलं असतं. पैशाची मागणी ही या धंद्याची शेवटची पायरी आहे. ओळखायचं ते पहिल्या दोन पायऱ्यांवर.

मी बँकेत अनेक वर्षं काउंटरवर आणि नंतर तक्रारींच्या टेबलावर काम केलं. “चुकून पैसे गेले” असं सांगत येणारी माणसं तिथे भेटायची, आणि अर्ध्या तासानं खरी हकीकत बाहेर यायची. खाली ज्या मेधाची गोष्ट सांगतोय ती एकच बाई नाही. नाव खोटं आहे, तपशील अशा अनेक तक्रारींमधून जुळवलेले आहेत, म्हणजे कुणा एकीची ओळख उघडी पडू नये. पायऱ्या मात्र अशाच असतात आणि बहुतेक वेळा याच क्रमानं येतात.

मेधा अडतीस वर्षांची, घटस्फोटित, कॉलेजात शिकवणारी, सुदामा नगरात आईबरोबर राहणारी. मामांच्या आग्रहानं तिनं एका विवाहविषयक साइटवर नाव नोंदवलं. आठवडाभरात एक स्थळ आलं. मँचेस्टरला हाडांचा सर्जन, विधुर, सात वर्षांची मुलगी, मूळ नागपूरचा. आईवडील लहानपणीच वारले, भाऊबहीण नाहीत, मराठी कळतं पण बोलायची सवय गेली. फोटोत नीटनेटका, हसरा, मुलीचा हात धरलेला.

या माहितीतला प्रत्येक तुकडा काही ना काही काम करतो. विधुर आणि लहान मुलगी, म्हणजे घाईला कारण मिळालं आणि मनात कणवही आली. परदेशात नोकरी, म्हणजे भेट लगेच होणार नाही. मराठी विसरलेला, म्हणजे बोली तपासता येणार नाही. आणि मागे कुणीच नातेवाईक नाहीत, म्हणजे आपल्याकडे स्थळाची जी चौकशी होते तिचं दारच बंद. आपण स्थळ आलं की काय करतो? कुणाचे कोण, कुठले, अमक्यांना ओळखतात का, तिथे आपलं कोण आहे, असं करत दोन-तीन माणसांमार्फत तपास लावतो. या पद्धतीत कितीही दोष असोत, तिचा एक मोठा उपयोग होता. समोरच्यानं स्वतःबद्दल सांगितलेली गोष्ट तिसऱ्याच माणसाकडून पडताळली जायची. या फसवणुकीत गोड बोलणं वगैरे नंतर येतं, तो तिसरा माणूस सगळ्यात आधी बाजूला काढला जातो.

दुसऱ्याच दिवशी तो म्हणाला, साइट उघडायला वेळ होत नाही, व्हॉट्सअॅपवर बोलू. नंबर +44 ने सुरू होणारा, म्हणजे ब्रिटनचा. असा नंबर भारतात बसून इंटरनेटवरून भाड्यानं घेता येतो, त्यामुळे नंबरावरून माणूस कुठे आहे ते कळत नाही. चौथ्या दिवशी त्यानं सांगितलं, “तू भेटलीस, आता मला दुसरं कुणी बघायचं नाही, मी प्रोफाइल काढून टाकलं.” मेधाला ते फार आवडलं, आणि कुणालाही आवडेल. पण प्रोफाइल गेल्यावर साइटवर तक्रार करायला जागा उरत नाही, दुसऱ्या एखादीनं त्याच फोटोबद्दल तक्रार केली असेल तर ती मेधापर्यंत पोचत नाही, आणि पुढे पोलिसांना दाखवायला तिच्याकडे फक्त एक फोन नंबर राहतो. निदान महिनाभर तरी बोलणं साइटच्या आतच ठेवा असं मी आग्रहानं सांगतो ते यासाठी. विवाहविषयक साइटांनी नोंदणी करणाऱ्याची ओळख पडताळावी असं सांगणाऱ्या सूचना केंद्र सरकारनं २०१६ मध्ये काढल्या. तरी ओळखपत्र अपलोड झालं म्हणजे माणूस खरा, असं धरून चालू नये. ओळखपत्रही दुसऱ्याचं असू शकतं.

माहिती कशी काढून घेतात

पहिले दहा-बारा दिवस फक्त गप्पा. त्यानं पत्रिकेसाठी जन्मतारीख, वेळ आणि ठिकाण विचारलं. आपल्याकडे हे लवकरच विचारतात, त्यात वावगं काही नाही. मग आईची तब्येत, गुडघ्याचं ऑपरेशन करायचं राहिलंय का, घर कुणाच्या नावावर, पोटगी मिळाली होती का, कॉलेजची नोकरी कायम आहे का. हेही आपल्याकडच्या बैठकीत विचारलं जातं, पण दोन्हीकडून आणि चारचौघांत. म्हणून काय विचारलं एवढ्यावर बोट ठेवून भागत नाही. त्याच तोडीची, तपासता येईल अशी माहिती तो स्वतः देतो का, हे बघावं लागतं. मेधानं तिच्या कॉलेजचं नाव सांगितलं, त्यानं “मँचेस्टरचं एक मोठं हॉस्पिटल” म्हटलं. तिनं घराचा पत्ता दिला, त्यानं खिडकीतून दिसणाऱ्या पावसाचा फोटो पाठवला. दोन आठवड्यांचं बोलणं तिनं नंतर माझ्यासमोर आठवून सांगितलं, तेव्हा त्याच्या बाजूनं तपासता येईल असं एकही नाव, पत्ता किंवा तारीख त्यात नव्हती.

मग तो म्हणाला, तुझ्या वाढदिवसाला काहीतरी पाठवायचंय, परदेशी पार्सलसाठी आधारचा फोटो लागतो. तिनं पाठवला. पत्रिकेला जन्मतारीख लागते हे खरं, पण पाठवणाऱ्या माणसाला आधार, पॅन, पासपोर्ट यातलं काहीही देण्याचं कारण नसतं. कुरियर कंपनीला कस्टमसाठी ओळखपत्र हवं असलं तर ती ते घेणाऱ्याकडून स्वतःच्या अधिकृत मार्गानं मागवते. आधारच्या फोटोचं पुढे काय होतं? नावावर सिम काढायचा किंवा कर्ज उचलायचा प्रयत्न होऊ शकतो. पण या खेळात त्याचा पहिला उपयोग वेगळाच असतो. पुढे येणाऱ्या बनावट सरकारी पत्रावर तिचं अचूक नाव, पत्ता, आधार क्रमांक आणि फोटो छापला जातो. स्वतःचे सगळे तपशील बरोबर असलेलं पत्र बघितल्यावर ते खोटं आहे असं मनात येत नाही.

याच काळात एकदा तो म्हणाला, माझ्या एका मित्राचे भारतात काही पैसे अडकलेत, तुझ्या खात्यात नव्वद हजार येतील, ते मी सांगतो त्या खात्यात टाकशील का? मेधानं नाही म्हटलं, कारण त्या दिवशी तिची परीक्षेची ड्यूटी होती. ती केवढ्या संकटातून वाचली हे तिला फार उशिरा कळलं. असे पैसे बहुधा दुसऱ्या कुणाची तरी फसवणूक करून आणलेले असतात. ते आपल्या खात्यातून पुढे गेले की त्या प्रकरणात आपलं खातं गोठवलं जातं आणि पोलिसांची पहिली नोटीस आपल्याच पत्त्यावर येते. अनोळखी माणसाचे पैसे आपल्या खात्यातून फिरवायचे नाहीत, मग त्यात आपला एक रुपयाही जात नसला तरी.

फोटोंचं असंच हळूहळू झालं. आधी साडीतला, मग घरातला, मग रात्री अकरानंतर “फक्त माझ्यासाठी” असा. मेधानं एक फोटो पाठवला आणि सकाळी तिला स्वतःलाच बरं वाटलं नाही. त्यानं लगेच माफी मागितली, पुन्हा मागितला नाही. माफी मागितल्यामुळे त्याच्यावरचा विश्वास उलट वाढला. पण तो फोटो आता दुसऱ्याच्या फोनमध्ये होता, आणि प्रेमाचा धागा तुटलाच तर कामाला येणारी ती दुसरी दोरी होती. चेहरा आणि शरीर एकत्र दिसणारा फोटो न भेटलेल्या माणसाला पाठवू नये, याच्याशी लाजेचा किंवा संस्कारांचा काही संबंध नाही. पुढे पैशाला नाही म्हणायची तुमची ताकद त्या फोटोनं निम्मी होते, एवढाच त्याचा अर्थ आहे.

तेव्हाच कळलं असतं का?

मला वाटतं, हो. वेळेचंच बघा. जून महिना होता. मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत ब्रिटनचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच तास. त्याचा ‘गुड मॉर्निंग’ रोज आपल्या सकाळी सातला यायचा, म्हणजे तिकडच्या मध्यरात्री अडीचला. आपल्या दुपारी दोन ते पाच तो सलग गप्पा मारायचा, म्हणजे तिकडे सकाळी साडेनऊ ते साडेबारा, जेव्हा त्याच्याच सांगण्याप्रमाणे तो ऑपरेशनमध्ये असायचा. एखाद्या दिवशी असं होऊ शकतं. तीन आठवडे रोज होत असेल तर तो माणूस भारताच्या घड्याळावर जगतोय. यासाठी कुठलं अॅप लागत नाही, व्हॉट्सअॅपवरच्या वेळा कागदावर लिहून काढल्या की पुरे.

डॉक्टर असण्याचा दावा तर सहज तपासता येतो. ब्रिटनमध्ये डॉक्टरी करणाऱ्या प्रत्येकाचं नाव जनरल मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत असावं लागतं, आणि ती gmc-uk.org वर कुणालाही फुकट बघता येते. तिथले सर्जन जुन्या प्रथेप्रमाणे नावामागे डॉक्टर न लावता मिस्टर किंवा मिस लावतात, आणि हा गृहस्थ जागोजागी ‘डॉ.’ लिहीत होता, ही छोटी पण बोलकी गोष्ट. नोंदवहीत नाव सापडलं तरी काम संपत नाही, कारण खऱ्या डॉक्टरचं नाव कुणीही उचलू शकतो. त्यापुढे हॉस्पिटलचा नंबर हॉस्पिटलच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्यायचा, त्यानं दिलेला नाही, आणि तिथे निरोप ठेवायचा. खरा माणूस यानं रागावत नाही. घटस्फोटित बाईनं जपून चौकशी केली म्हणून चिडणाऱ्या माणसाशी तसंही लग्न कशाला करायचं?

फोटो गूगल लेन्सवर टाकून बघावा. तोच चेहरा दुसऱ्या नावानं सापडला तर विषय संपला. सापडला नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण खासगी खात्यांतले फोटो तिथे दिसत नाहीत आणि न जन्मलेल्या माणसाचे फोटोही आता तयार करता येतात. व्हिडिओ कॉलचंही तेच. चालू कॉलवर चेहरा बदलता येतो, त्यामुळे कॉल झाला म्हणून खात्री पटली असं समजू नये. पण तीन आठवड्यांत एकही धड व्हिडिओ कॉल होत नसेल, दर वेळी अर्ध्या मिनिटात नेटवर्क जात असेल, तर ती पक्की खूण आहे.

या सगळ्याहून उपयोगी ठरली असती ती मामांशी गाठ. मामा ग्वाल्हेरचे, पण शिक्षण नागपूरला झालेलं. त्यांनी एकदा मेधाच्याच फोनवरून त्याच्याशी बोलायचा प्रयत्न केला.

“नागपुरात कुठे राहायचात?”

“धरमपेठ.”

“अरे वा. शाळा कुठली?”

फोन कट झाला. दुसऱ्या दिवशी मेधाला लांबलचक मेसेज आला की तुझ्या घरच्यांनी माझी उलटतपासणी घेतली, आईबाप नसलेल्या माणसाला हे किती लागतं तुला कळणार नाही, आपलं पक्कं होईपर्यंत हे आपल्या दोघांतच ठेवू. मेधानं मामांची समजूत काढली आणि विषय बंद केला. पूर्ण हकिकतीत मला सगळ्यात जास्त टोचते ती ही जागा. इथे तिच्या बाजूचा तिसरा माणूस हजर होता, त्यानं योग्य प्रश्न विचारला होता, आणि उत्तर मिळालं नव्हतं. “आपल्या दोघांतच ठेवू” हे लग्नाच्या स्थळात कुणी म्हणालं की त्याच दिवशी घरातल्या एका माणसाला सगळे मेसेज दाखवा. सल्ला मागायचीसुद्धा गरज नाही, नुसते वाचायला द्या. बाहेरून वाचणाऱ्याला जे दिसतं ते आत गुंतलेल्याला दिसत नाही.

दिल्लीचा फोन

चौथ्या आठवड्यात पेटीचे फोटो आले. घड्याळ, लॅपटॉप, सोन्याची साखळी, पर्स, आणि एक पाकीट. पाकिटात आईच्या गुडघ्यासाठी तीस हजार पौंड. सोबत कुरियरची पावती आणि पार्सल कुठवर आलं ते दाखवणारी वेबसाइट. वेबसाइट त्यांनीच बनवलेली असते, तिथे पार्सल रोज एक-एक शहर पुढे सरकतं.

मग फोन आला. बाईचा आवाज, स्वच्छ हिंदी. “मैडम, दिल्ली एअरपोर्ट कस्टम से बोल रही हूँ, आपका पार्सल होल्ड पर है।” ड्यूटी अडतीस हजार पाचशे. व्हॉट्सअॅपवर शिक्का असलेलं पत्र, त्यावर मेधाचं नाव, सुदामा नगरचा पत्ता, आधार क्रमांक. तिनं त्याला सांगितलं, तर तो उलट चिडला. मी कुरियरला सगळे पैसे भरलेत, हे लोक लुबाडतात, तू काही देऊ नकोस. तासाभरानं नरमला आणि म्हणाला, पण आत तीस हजार पौंड आहेत गं, ते जप्त झाले तर? मी आल्यावर तुला सगळे परत करतो. पैसे मागितले कस्टमच्या बाईनं, तो तर देऊ नको म्हणाला होता. मग त्याच्यावर संशय कशाला यायचा?

मेधानं भरले. दोन दिवसांनी, स्कॅनरमध्ये परकीय चलन दिसलं, मनी लाँडरिंगचं प्रमाणपत्र घ्यावं लागेल, एक लाख पंचवीस हजार. त्यानं निम्मे मी भरतो म्हणून बँक ट्रान्सफरचा स्क्रीनशॉट पाठवला, “पण इंटरनॅशनल ट्रान्सफरला तीन दिवस लागतात, तोवर तू भर.” तेही गेले. मग रिझर्व्ह बँकेचा चलन बदलण्याचा आकार, दोन लाख ऐंशी हजार, आणि यावेळी आवाज बदलला, की भरले नाहीत तर परकीय चलन मागवल्याबद्दल तुमच्यावरच केस होईल. तिनं आईच्या नावची एफडी मोडली. एकूण चार लाख त्रेचाळीस हजार पाचशे. आकडे असे चढत का जातात? पहिला आकडा पगारातून निघण्यासारखा ठेवतात. दुसरा आकडा माणूस भरतो तो पार्सलसाठी नाही, पहिला बुडू नये म्हणून. तिसरा भरतो तो भीतीनं.

आता त्या फोनकडे बँकेच्या बाजूनं बघू. पार्सलवर खरोखर ड्यूटी बसली तर ती कुरियर कंपनी किंवा पोस्टामार्फत भरली जाते आणि तिची रीतसर पावती मिळते. कस्टमचा अधिकारी फोन करून कुणा व्यक्तीच्या बचत खात्यात पैसे टाकायला सांगत नाही. मेधानं पैसे पाठवताना स्क्रीनवर खातेदाराचं नाव आलं होतं, दूरच्या राज्यातल्या कुणा माणसाचं. तिनं विचारलंही. “वो हमारे क्लिअरिंग एजंट हैं,” असं उत्तर मिळालं. क्लिअरिंग एजंट खरोखर असतात, म्हणून ते पटलं. पण सरकारची ड्यूटी सरकारच्या खात्यात जाते, एजंटाच्या बचत खात्यात नाही. यूपीआय असो की बँक ट्रान्सफर, पैसे जाण्याआधी स्क्रीनवर येणारं नाव हा तुमच्या हातातला शेवटचा थांबा आहे. तिथे सरकारी विभागाचं नाव सोडून माणसाचं नाव दिसलं की मागे फिरा.

पत्राचंही तपासता येतं. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या, म्हणजे सीबीआयसीच्या पत्रव्यवहारावर डिन नावाचा ओळख क्रमांक असतो. मंडळाच्या वेबसाइटवर तो टाकला की पत्र खरं की खोटं ते कळतं. नोटा घालून पाकीट कुरियरनं पाठवणं मुळात नियमात बसत नाही, खरा सर्जन पैसे बँकेतून पाठवेल. आणि रिझर्व्ह बँक सामान्य माणसाचं बचत खातं उघडत नाही, त्याच्याकडून आकार घेत नाही, प्रमाणपत्रं वाटत नाही. तिच्या नावानं पैसे मागणारा प्रत्येक फोन आणि ईमेल खोटा असतो. अशा फसवणुकीबद्दल तिनं स्वतःच लोकांना वेळोवेळी सावध केलंय.

हे काहीच लक्षात राहिलं नाही तर एकच वाक्य म्हणा, “मला पार्सल नको, परत पाठवा.” आपल्या नावानं आलेलं पार्सल नाकारता येतं, त्यासाठी दंड नाही. खऱ्या कुरियरवाल्याला यानं फरक पडत नाही. त्या बाईचा आवाज मात्र याच वाक्यानंतर चढला, आणि धमकी सुरू झाली.

काही वेळा पार्सलऐवजी तो स्वतःच ‘येतो’. दिल्ली किंवा मुंबईला उतरल्यावर त्याच्याजवळच्या मोठ्या रकमेमुळे कस्टमनं अडवलं असं सांगतात, आणि फोनवर पाठीमागे विमानतळाच्या घोषणा ऐकू येतात. बाकी सगळं तेच. अलीकडे तिसराही प्रकार वाढलाय. पार्सल नाही, कस्टम नाही, तो फक्त एका ट्रेडिंग अॅपमध्ये गुंतवणूक शिकवतो, सुरुवातीला थोडा नफा काढूनही देतो आणि मोठी रक्कम आली की अॅप बंद होतं. पुरुषांच्या बाबतीत बहुधा फोटोवरूनच सुरुवात होते. अनोळखी बाईचा व्हिडिओ कॉल, काही सेकंदांचं रेकॉर्डिंग, आणि मग ते तुमच्या ऑफिसात पाठवू अशी धमकी. तिथे प्रेमाचे चार आठवडेही लागत नाहीत.

पैसे गेल्यावर

मेधा बँकेत आली ती शेवटच्या हप्त्यानंतर नऊ दिवसांनी. लाजेनं ती आधी कुणाला बोलली नव्हती. या नऊ दिवसांची किंमत काय असते ते सांगतो. ज्या खात्यात पैसे जातात ते बहुधा भाड्यानं घेतलेलं असतं. तिथून रक्कम तुकडे होऊन चार-पाच खात्यांत जाते आणि एटीएममधून निघते, अनेकदा काही तासांतच. १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन केला की तक्रार त्या खात्यांच्या बँकांपर्यंत पोचते, आणि खात्यात जे शिल्लक असेल ते रोखलं जातं. शिल्लक असेल तेवढंच. म्हणून पैसे गेल्याचं कळल्या क्षणी, रात्र असली तरी, आधी १९३० आणि मग स्वतःची बँक. फोन लागत नसेल तर cybercrime.gov.in वर तक्रार टाकता येते. हाताशी तारीख, वेळ, रक्कम, ज्या खात्यात गेले त्याचा क्रमांक किंवा यूपीआय आयडी आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक ठेवा. यूटीआर बँकेच्या मेसेजमध्ये किंवा अॅपमधल्या व्यवहाराच्या तपशिलात असतो. रोखलेली रक्कम हातात यायला पुढे पोलीस आणि बऱ्याचदा कोर्टाची प्रक्रिया असते, ती आपोआप खात्यात पडत नाही.

मेधानं रागाच्या भरात सगळं चॅट पुसलं होतं. ते करू नका. चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःलाच ईमेल करा, प्रोफाइलचे, पावत्यांचे, त्या पत्राचे स्क्रीनशॉट ठेवा, आणि मगच नंबर ब्लॉक करा. तिला वाटत होतं की परकीय चलन मागवल्याबद्दल पोलीस तिलाच धरतील. तसं नाही. दुसऱ्याचं सोंग घेऊन ऑनलाइन फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६डी कलमाखाली गुन्हा आहे आणि तक्रार करणारी त्यात पीडित असते.

आधारचा फोटो गेला असेल तर यूआयडीएआयच्या वेबसाइटवरून किंवा त्यांच्या अॅपमधून बायोमेट्रिक लॉक करा, आणि sancharsaathi.gov.in वर आपल्या नावावर किती मोबाइल नंबर आहेत ते बघा. आपला नसलेला नंबर दिसला तर तिथेच कळवता येतं.

फोटोवरून धमकी आली तर पैसे देऊ नका. दिल्यानं फोटो परत येत नाही, उलट ही देते एवढं त्यांना कळतं आणि दुसरी मागणी येते. cybercrime.gov.in वर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे तक्रार करा. शिवाय stopncii.org नावाची सोय आहे. तिथे फोटो कुणाकडे जात नाही, तुमच्याच फोनमध्ये त्याची एक अंकी खूण तयार होते, फक्त ती खूण पुढे जाते, आणि सहभागी असलेल्या प्लॅटफॉर्मवर तोच फोटो कुणी चढवायला गेलं तर तो अडवता येतो. अठरा वर्षांवरच्या व्यक्तींच्या फोटोंसाठी ती आहे. व्हॉट्सअॅपवर एकानं दुसऱ्याला पाठवलेला फोटो त्यानं थांबत नाही, म्हणून घरातल्या एका तरी माणसाला आधीच सांगून ठेवा. घरी आधीच माहीत असलं की “घरी पाठवू” या धमकीला जोर राहत नाही.

मेधाच्या शेवटच्या हप्त्यातले बेचाळीस हजार एका खात्यात अजून पडून होते, ते रोखले गेले. बाकीचे गेले. त्यानंतर महिन्याभरात तिला आणखी एक फोन आला. बोलणारा म्हणाला, तो सायबर वकील आहे, तिची पूर्ण रक्कम वसूल करून देतो, फक्त फाइलचे आठ हजार भरावे लागतील. तिची फसवणूक झाल्याचं आणि नेमकी रक्कम किती ते त्याला माहीत होतं. ही माहिती एक तर पोलिसांकडे होती, नाही तर ज्यांनी पैसे नेले त्यांच्याकडे. तिनं तो नंबर लिहून घेतला, फोन ठेवला आणि जुन्याच तक्रारीत जोडायला दिला.